माहिती व जनसंपर्क कार्यालये, नागपूर

शासनाचे निर्णय व योजना वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमांतून नागरिकांपर्यंत पोहोचवणारी, तसेच चुकीच्या बातम्यांवर खुलासा देणारी नागपुरातील शासकीय यंत्रणा. राज्य शासनाची कार्यालये (संचालक-माहिती आणि जिल्हा माहिती अधिकारी) सामान्य प्रशासन विभागाखालील माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची आहेत; केंद्र शासनाच्या बातम्या पत्र सूचना कार्यालय देते. माहिती अधिकार कायद्याखालील ‘जनमाहिती अधिकारी’ हे पद वेगळे. तो अर्ज आल्यावर कागद देतो, जिल्हा माहिती अधिकारी अर्जाची वाट पाहत नाही.

या यंत्रणेचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. एका मांडणीनुसार नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची, आणि पुढे 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने आजचे कार्यालय म्हणजे त्या राजधानीच्या प्रसिद्धी खात्याचाच अवशेष होय. दुसऱ्या मांडणीनुसार 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, राजधानीची खाती भोपाळकडे गेली, दफ्तर व नोकरवर्गाची वाटणी झाली आणि नागपुरात उरले ते मुंबईच्या खात्याचे विभागीय रूप. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे, कारण अधिकाराची साखळी मुंबईशी जोडलेली आहे. शब्दांची साक्षही त्याच बाजूची वाटते : जुने राज्य हिंदी-मराठी दोन्ही भाषांत चाले आणि हिंदीत या कामाला ‘सूचना’ म्हणत, मराठीत सूचना म्हणजे ताकीद किंवा निर्देश, म्हणून राज्याच्या कार्यालयाच्या पाटीवर ‘माहिती’ आले. मात्र पहिले मत सर्वस्वी टाकता येत नाही. नागपूर आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 रोजी, म्हणजे राजधानीच्या काळातच सुरू झाले. 1953च्या नागपूर करारानुसार येथे भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात मुंबईचे पत्रकार ‘सुयोग’ इमारतीत उतरतात आणि काही दिवस राजधानीचे वृत्तकाम सिव्हिल लाइन्समधून चालते.

कामाची पद्धत साधी आहे. रोजच्या वृत्तपत्रांची कात्रणे काढून संबंधित खात्याकडे जातात. खात्याने वस्तुस्थिती लेखी कळवली की ‘खुलासा’ निघतो. माहिती अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर बातमी खोटी ठरवू शकत नाही, आणि उशीर बहुधा येथेच होतो.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत हे नीट दिसते. 28 जून 2024च्या शासन निर्णयात वयोमर्यादा 21 ते 60 आणि अर्जाची मुदत 15 जुलै होती; अधिवास व उत्पन्नाचे दाखलेही मागितले होते. 3 जुलैच्या सुधारित निर्णयाने वय 65 पर्यंत नेले, मुदत 31 ऑगस्ट केली, अधिवासाऐवजी 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल असे ठरवले, आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली. पाच दिवसांत पहिला कागद जुना झाला, पण मोबाइलवरून फिरत राहिला. एखादी बाई तो हातात धरून सेतू केंद्रात दाखल्यासाठी रांगेत उभी राहिली, तर तिला कोणी फसवले असे म्हणता येत नाही. कागद अस्सलच होता. योजनांबाबतच्या अनेक अफवा अशा शिळ्या सत्यातून उपजतात. ओळखण्याची खूण कागदावरच असते : शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस सांगतात. 20240628ने सुरू होणारा कागद वाचताना त्यानंतरचा निर्णय निघाला का, हे maharashtra.gov.in वर पाहावे लागते. अशा वेळी ‘बातमी निराधार’ एवढाच खुलासा अपुरा ठरतो; कोणती अट गेली आणि तिच्या जागी कोणती आली, हे शेजारी-शेजारी लिहावे लागते.

दुसरी तक्रार ‘पैसे आले नाहीत, म्हणजे नाव कापले’ ही. आधारवर आधारित थेट हस्तांतरणात रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. अर्जात लिहिलेले खाते वेगळे असू शकते. कधीकाळी उघडलेले, पासबुक पेटीच्या तळाशी गेलेले खाते जोडलेले असेल, तर पैसे तिकडे जमा होतात. आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे हे पाहिले की उलगडा होतो. ही गोष्ट वृत्तपत्रातल्या टिपणापेक्षा अंगणवाडी सेविकेने घरी येऊन सांगितली की अधिक पटते.

शांतता-सुव्यवस्थेशी संबंधित अफवा या कार्यालयांच्या कक्षेत येत नाहीत; 17 मार्च 2025 रोजी महाल भागात अफवांनंतर हिंसाचार झाला तेव्हा संचारबंदी व आवाहने पोलीस आयुक्तालयाकडून आली. केंद्राच्या कारभाराविषयीच्या मजकुराची सत्यता पत्र सूचना कार्यालयाचा तपासणी विभाग नोव्हेंबर 2019 पासून पाहतो. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या 2023च्या दुरुस्तीने केंद्राच्या तथ्यतपासणी कक्षाच्या शेऱ्याला कायद्याचे बळ देऊ केले होते. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.