आयबीएस आणि कांदा-लसूण-डाळी: कायमची बंदी नाही

“आयबीएस आहे म्हणजे कांदा, लसूण, डाळी जन्मभर बंद, हो ना?”

नाही. आयबीएस म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी देणारा आतड्याचा विकार. कांदा-लसणातले फ्रुक्टॅन आणि डाळींतले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही कर्बोदकं कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो. आयबीएसमध्ये आतडं संवेदनशील असल्याने तोच वायू दुखतो. आतड्याला इजा मात्र होत नाही. उलट हेच पदार्थ उपयुक्त जिवाणूंचं खाद्य आहेत, म्हणून अशी आंबणारी कर्बोदकं टाळणाऱ्या लो-फॉडमॅप आहाराचा कडक टप्पा फक्त २ ते ६ आठवड्यांचा असतो. तेवढ्यात फरक पडला नाही, तर पथ्य ताणण्यात अर्थ नाही.

फरक पडला की एकेक पदार्थ परत आणायचा. बाकी आहार तसाच ठेवून पहिल्या दिवशी पाव वाटी शिजवलेली मसूर, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक वाटी. समजा, एका वाटीने पोट फुगलं. तर अर्धी वाटी ही तुमची मर्यादा, मसूर बंद नाही. मग त्रास पूर्ण शमेपर्यंत, निदान दोन-तीन दिवस थांबून लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा त्यानंतर, वेगळा.

लोक इथेच घाई करतात. कांदा-लसणाची फोडणी दिलेली डाळ खाल्ली तर दोषी कोण, कळणारच नाही. त्रास दुसऱ्या दिवशीही उमटू शकतो, म्हणून नोंद ठेवा.

लसूण सोसलाच नाही, तर तेलात परतून पाकळ्या काढून टाका. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. स्वाद तेवढा उरतो.