चालू खात्यावरचे व्याज आणि सरासरी देय तारीख: भांडी बाजारातल्या हिशेबाची पार्श्वभूमी

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचा धंदा करणाऱ्या पेढीला मोड लागते, म्हणजे जुनी, चेपलेली, वितळवायची भांडी. ती मोड तालुक्याच्या गावचे दुकानदार गोळा करतात, आणि तेच दुकानदार याच पेढीकडून नवी भांडी उधारीवर नेतात. त्यामुळे दोघेही एकमेकांचे देणेकरी आणि घेणेकरी होतात. प्रत्येक बिलावर वेगळे व्याज आकारून वेगळी वसुली करण्यात दोघांचाही वेळ जातो. म्हणून खाते वर्षभर उघडे राहते आणि शेवटी एकदाच हिशेब होतो: बाकी किती, आणि त्यावर व्याज किती. बाकी वजाबाकीने निघते. व्याजाला मात्र प्रत्येक रकमेची तारीख लागते.

ही अडचण जुन्या पेढ्यांनी ‘आंक’ काढून सोडवली. रक्कम गुणिले दिवस म्हणजे आंक. नावेच्या बाजूचे आंक वेगळे, जमेच्या बाजूचे वेगळे, आणि दोन्हींची वजाबाकी. या रीतीला कटमिती म्हणत. व्याज शेवटी एकदाच काढायचे, कारण दर एकच असेल तर शंभर रुपये दहा दिवस आणि हजार रुपये एक दिवस यांचे व्याज सारखेच येते. इंग्रजी व्यापारी शिक्षणातून आलेली चालू खात्याची गुणाकार पद्धत आणि सरासरी देय तारीख याच गणितावर उभी आहे. सरासरी देय तारीख म्हणजे सगळी बाकी त्या एकाच दिवशी देय धरली तरी व्याज तितकेच येईल अशी तारीख. फरक आहे तो दिवस कसे मोजायचे यात.

सिन्नरच्या एका दुकानदाराचे खाते धरू. पेढीने १० एप्रिलला ४०,००० रुपयांची आणि ४ मेला ३०,००० रुपयांची भांडी दिली, दोन्ही एका महिन्याच्या उधारीवर. म्हणजे पैसे देय झाले १० मे आणि ४ जूनला. त्याच्याकडून १९ जूनला १५,००० ची आणि ९ जुलैला २५,००० ची मोड आली. मोडीला उधारी नाही, आली त्याच दिवशी जमा. नावे ७०,०००, जमा ४०,०००, बाकी ३०,०००.

आता एक आधारतारीख धरायची. कुठलीही चालते, पण सर्वांत आधीची देय तारीख घेतली की आकडे लहान राहतात. म्हणून १० मे. पहिल्या बिलाचे दिवस शून्य. दुसऱ्याचे २५, म्हणून आंक ७,५०,०००. जमेच्या बाजूला १५,००० चे ४० दिवस म्हणजे ६,००,०००, आणि २५,००० चे ६० दिवस म्हणजे १५,००,०००, एकूण २१,००,०००. जमेचे आंक १३,५०,००० ने जास्त भरले. त्यांना बाकीने, म्हणजे ३०,००० ने, भागले की ४५ दिवस येतात. जास्तीचे आंक जमेचे आहेत, म्हणून ते १० मेच्या मागे मोजायचे. उत्तर येते २६ मार्च.

इथे नवखा कारकून हमखास थांबतो. पहिले भांडे पेढीबाहेर पडले १० एप्रिलला, मग बाकी त्याआधीच देय कशी? उत्तर बरोबरच आहे. सिन्नरकराने ४०,००० रुपये उशिरा फेडले, त्या उशिराचे व्याज उरलेल्या ३०,००० च्या अंगावर चढले, आणि म्हणून तारीख मागे सरकली. एकाच बाजूच्या बिलांची सरासरी तारीख नेहमी पहिल्या आणि शेवटच्या देय तारखेच्या मध्ये पडते; दुतर्फा व्यवहारात ती बाहेरही जाऊ शकते. पाठ्यपुस्तकांतून ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण हे ठाऊक नसलेला माणूस बरोबर आलेले उत्तर खोडून चुकीचे लिहितो.

पडताळा सोपा आहे. हिशेब ३१ जुलैला मिटवायचा ठरला, तर २६ मार्चपासून १२७ दिवस होतात. द.सा.द.शे. १२ ने ३०,००० वर व्याज १,२५२ रुपये ६० पैसे. आता चारही नोंदी थेट ३१ जुलैपर्यंत मोजा: नावेचे आंक ४९,९०,०००, जमेचे ११,८०,०००, फरक ३८,१०,०००. हाच आकडा ३०,००० गुणिले १२७ चाही आहे. जमला नाही, तर चूक बहुधा दोनच ठिकाणी असते: देय तारखेऐवजी बिलाची तारीख धरली, किंवा पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजले.

या रीतीला मर्यादाही आहे. सिन्नरकराने १० मेलाच आणखी ३०,००० ची मोड दिली असती तर बाकी शून्य झाली असती. पण आंकांचा फरक १३,५०,००० तसाच राहिला असता, आणि शून्याने भागता येत नाही. सरासरी तारीख निघत नाही, तरी ४४३ रुपये ८४ पैसे व्याज देणे राहतेच. बाकी लहान असली की तारीख अशीच भलतीकडे पळते. तेव्हा खातेउताऱ्यावर दोन्ही बाजूंचे आंक मांडून व्याज काढावे, तारखेच्या मागे लागू नये. नावे आणि जमेचे दर वेगळे असतील, तरीही तेच.

पूर्वी दिवस मितीने, म्हणजे पंचांगातल्या तिथीने मोजत, महिना ३० तिथींचा, दर महिन्याला शेकडा. क्षयतिथी-वृद्धितिथी सोडून दिल्या जात, पण अधिक मासाच्या वर्षी अशा दराने व्याज तेरा महिन्यांचे निघते. नाशिकसारख्या गावात आणखी एक खाच होती. मराठी महिना अमावास्येला संपतो, मारवाडी पौर्णिमेला. म्हणून मराठी वहीतला वैशाख वद्य पक्ष मारवाडी वहीत ज्येष्ठ वद्य असतो. नाव पाहून मिती उतरवून घेतली की पूर्ण महिन्याची चूक. शेकडा एक दराने ४०,००० वर ती ४०० रुपये होते. इंग्रजी तारीख आणि ३६५ दिवसांचे वर्ष आल्यावर ही खाच बुजली. १९५७ च्या दशमान नाण्यांमुळे आण्या-पैंचे आंक काढण्याची कटकटही गेली.

व्याज लागतेच असे मात्र कुणी गृहीत धरू नये. दर लेखी ठरलेला नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याखाली न्यायालयाकडे मागता येते, पण लेखी करारावर ठरावीक वेळी देय नसलेल्या रकमेसाठी ते लेखी मागणी केल्यापासूनच मोजले जाते. म्हणून बिलावर दर आणि उधारीचे दिवस, दोन्ही हवेत.

खाते ‘परस्पर’ कधी म्हणायचे, यावर मद्रास उच्च न्यायालयाने १८७१ मध्येच कसोटी घालून दिली होती: दोन्ही बाजूंनी स्वतंत्र देणी निर्माण झाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हिंदुस्तान फॉरेस्ट कंपनीच्या खटल्यात तीच उचलून धरली. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने त्याचेच पैसे देत राहायचे, एवढ्याने खाते परस्पर होत नाही. मोडीची विक्री हा मात्र वेगळा सौदा आहे, आणि सिन्नरचे खाते परस्पर ठरते ते त्यामुळे. अशा खात्यावर दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याच्या पहिल्याच अनुच्छेदात आहे: शेवटची कबूल किंवा सिद्ध नोंद ज्या वर्षात पडली, ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षे, आणि वर्ष कोणते, हे त्या खात्यावरून ठरते. दिवाळी पाडव्याला वह्या बदलणाऱ्या पेढीत ९ जुलैच्या नोंदीचे वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच संपे. आयकरासाठी १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सर्वांना मार्चअखेरचे वर्ष सक्तीचे झाले. खाते तसे ठेवले की तीच मुदत पुढच्या ३१ मार्चपासून सुरू होते, म्हणजे दावा लावायला साधारण पाच महिने जास्त मिळतात.