परत आलेला खोका उघडण्याआधी

ऑनलाइन साड्या विकणाऱ्या वडगावातल्या आमच्या एका ताई महिन्यापूर्वी आमच्या दुकानात आल्या, त्या हातात पार्सल घेऊनच. चोवीसशेची साडी गिऱ्हाइकाने परत पाठवली होती. आत होतं वापरलेलं, धुऊन इस्त्री केलेलं जुनं पातळ. जाताना पार्सलचं वजन होतं ७८० ग्रॅम, येताना ७६०. त्यामुळे नुसत्या वजनावरून काहीच सिद्ध होईना. खोका रिकामा आला असता, तर काट्यानेच सांगितलं असतं.

अदलाबदल पकडायची तर खूण आपणच घालावी लागते. साडीच्या पदराजवळ क्रमांक असलेला, एकदाच बसणारा प्लॅस्टिकचा टॅग लावा. तो कापल्याशिवाय साडी नेसता येऊ नये अशा जागी हवा. भरताना टॅगचा क्रमांक, पत्त्याचं लेबल आणि काट्यावरचा आकडा एकाच फोटोत घ्या. ‘टॅग नसल्यास परतावा नाही’ हे खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहायला हरकत नाही, पण त्या चिठ्ठीच्या भरवशावर राहू नका. ज्या ऑनलाइन कंपनीमार्फत विकता, चालतात तिचेच नियम.

परतीचं पार्सल बऱ्याचदा नव्या पिशवीत, नव्या क्रमांकाने येतं. म्हणून ते उघडतानाचा व्हिडिओ घ्या. त्यात आधी हा परतीचा क्रमांक स्पष्ट दिसू द्या आणि तोंडानेही वाचा. मग पार्सल सगळ्या बाजूंनी फिरवा, टेप कुठे कापून पुन्हा लावली आहे का ते दाखवा, काट्यावर ठेवा आणि तिथेच उघडा. लेबलवर छापलेलं वजन बहुधा आपणच नोंदवलेलं असतं, त्यावर विसंबू नका. व्हिडिओ मध्ये थांबवायचा नाही, हात कॅमेऱ्याबाहेर जायचे नाहीत. ताईंचा कंपनीकडे केलेला भरपाईचा पहिला दावा नेमका इथेच फेटाळला गेला: खोका उघडून झाल्यावर त्यांनी फोन हातात घेतला होता.

आणणारा पोरगा घाईत असतो, हे आम्हालाही कळतं. पण पिशवी फाटकी किंवा हलकी लागली, तर सही करण्याआधी पोचपावतीवर तसा शेरा लिहाच. एकदम पाच-सात परती आल्या, तर आधी मोजून घ्या.

दावा करताना कारण नेमकं निवडा. ‘वेगळी वस्तू आली’ आणि ‘खराब वस्तू आली’ ही वेगळी कारणं आहेत. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी आणि मोजक्या दिवसांची असते, ती विक्रेता खात्यात वाचून ठेवा. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून या फोनवरून त्या फोनवर पाठवू नका. तो आक्रसतो आणि लेबलचा क्रमांक पुसट होतो. मूळ फाइल पैसे खात्यात जमा होईपर्यंत जपा.

क्रमांक छापलेले टॅग आमच्याकडे शंभराच्या पाकिटात मिळतात. जरीच्या साडीला पातळ दोरीचेच न्या, जाड टॅगने धागा ओढला जातो.