समासातला 'का?' (वही तपासण्याची पद्धत)

वही तपासताना शिक्षक समासात नुसतं बरोबर, चूक किंवा 'छान' न लिहिता त्या ओळीपाशी एक प्रश्न लिहितात, ही पायरी इथे का घेतलीस, दुसरी का नाही, आणि मुलगा किंवा मुलगी त्याचं उत्तर वर्गात सगळ्यांसमोर देते. त्यातून गणित सुटलं की नाही हे तर कळतंच, पण ते सोडवताना कुणाचं डोकं चाललं हेही वर्गाला दिसतं. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली अशा भागांत शाळा सुटली की मुलं क्लासला जातात आणि तिथल्या नोट्स, गाईड, व्हॉट्सअॅपवर फिरणारे वहीचे फोटो हे सगळं एकाच स्वाध्यायात येऊन मिसळतं, त्यामुळे इथे या प्रश्नाला वेगळंच वजन आहे.

ही पद्धत नेमकी कुठून आली यावर एकमत नाही. एक मत असं की ही तोंडी परीक्षेचीच लेखी सावली. युरोपातल्या विद्यापीठांत जुन्या काळी परीक्षा म्हणजे तोंडी वादविवादच असायचा, लेखी पेपर साधारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जोर धरू लागले, आणि लिहिणारा समोर नसल्यामुळे जे हरवलं ते परत आणायला समासात प्रश्न आले. ऐकायला पटतं, पण तोंडी परीक्षा शेवटी घेतात आणि समासातला प्रश्न काम चालू असताना येतो, हा फरक या मतात नीट बसत नाही.

दुसरं मत १९८२ कडे बोट दाखवतं. अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी लिल ब्रॅनन आणि सिरिल नॉब्लॉक यांच्यासोबत न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमा इथल्या दोन विद्यापीठांतल्या ३५ शिक्षकांचे शेरे तपासले. त्यात दिसलं की बरेचसे शेरे इतके सर्वसाधारण होते की एका निबंधावरचा उचलून दुसऱ्यावर चिकटवला तरी चालला असता, आणि विद्यार्थी स्वतःला काय म्हणायचंय ते सोडून शिक्षकाला काय हवंय तेच लिहायला लागत होते. ब्रॅनन आणि नॉब्लॉक यांनी त्याच वर्षी वेगळ्या लेखात मांडलं की लिखाणावरचा हक्क विद्यार्थ्याचा आहे, शिक्षकाने आधी त्याचा हेतू विचारावा. लेखक कोण हा मुद्दा इथे थेट हाताळलाय, म्हणून मूळ इथे शोधणं जास्त सयुक्तिक वाटतं. मात्र हे सगळं भाषेच्या लिखाणाबद्दल होतं.

गणित-विज्ञानाच्या बाजूला आधार मिळतो तो मिशेलीन ची यांच्या कामाचा. १९९४ च्या त्यांच्या प्रयोगात आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा उतारा दिला, एका गटाला प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ स्वतःला समजावून सांगायला लावला, दुसऱ्याने तोच उतारा दोनदा वाचला, आणि समजावून सांगणारा गट जास्त शिकला. म्हणजे कारण विचारणं हे फक्त कॉपी पकडण्यासाठी नाही, त्यातून शिकणंही होतं.

आता एक उदाहरण घेऊ, दहावीच्या वर्गसमीकरणांतलं. एक गाडी ६० किमी जाते, वेग ताशी १० किमीने जास्त असता तर तिला १ तास कमी लागला असता, तर मूळ वेग किती. मूळ वेग x धरला की

60/x − 60/(x + 10) = 1

यावरून x² + 10x − 600 = 0, मग x = 20 किंवा x = −30, आणि वेग ऋण नसतो म्हणून उत्तर ताशी २० किमी. समजा दोन वह्यांत हे अक्षरशः सारखं आलंय. 'हे तू स्वतः केलंस का?' असं लिहिलं की मूल बचावात जातं, हो म्हणतं आणि विषय संपतो. 'हळू गाडीला जास्त वेळ लागतो म्हणून 60/x आधी घेतलंस ना?' असं लिहिलं तर उत्तर प्रश्नातच देऊन टाकलं. पहिल्या ओळीपाशी फक्त एवढंच हवं, '60/x आधी का? उलट लिहिलं असतं तर काय झालं असतं?'

ज्याने विचार करून मांडलंय तो म्हणतो, मॅडम, वेग कमी तर वेळ जास्त, मोठ्यातून लहान वजा केलं. उलट लिहून बघितलं तर समीकरण x² + 10x + 600 = 0 होतं, b² − 4ac येतं −2300, म्हणजे वास्तव उत्तरच नाही. ज्याने उतरवलंय तो बहुतेक 'क्लासमध्ये असंच शिकवलं' किंवा 'सूत्रच आहे' इथे थांबतो. दुसऱ्या वहीत प्रश्न शेवटच्या ओळीपाशी लिहावा, '−30 कशामुळे आलं असेल?' हा प्रश्न वर्गाला खूप काही देतो, कारण वेगवान गाडीचा वेग y धरून तेच गणित मांडलं तर y² − 10y − 600 = 0 येतं आणि त्याची उत्तरं 30 आणि −20, म्हणजे जे −30 आपण फेकून दिलं त्यात दुसऱ्या वेगाचा आकडा लपलेला होता.

करायची रीत साधी आहे. एका वहीत एकच प्रश्न, एकाच ओळीला बाणाने जोडलेला. पन्नास वह्या आणि प्रत्येकीला दोन मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं होतात, म्हणून बरेच जण एका आठवड्याला एक रांग घेतात. वही तासाच्या सुरुवातीला परत द्यायची, उत्तर तिथेच वेगळ्या रंगाच्या पेनने पाच-सात मिनिटांत लिहायचं आणि मग दोन-तीन जणांनी फळ्याजवळ येऊन सांगायचं. घरी लिहून आणायला सांगितलं किंवा सगळ्यांना एकच प्रश्न दिला की संध्याकाळपर्यंत उत्तर ग्रुपवर पोचतं, आणि ते ओळखू येतं, कारण चार वह्यांत कारणसुद्धा त्याच शब्दांत असतं. अशा वेळी आकडा बदलून बघावा, ६० च्या जागी १२०, आणि नुसतं विचारावं की आता मूळ वेग वाढेल की कमी होईल, सोडवू नकोस, अंदाज सांग. वेळेतला फरक तेवढाच ठेवून अंतर दुप्पट केलं तर वेग वाढायलाच हवा (उत्तर ३० येतं), आणि पायऱ्या पाठ असून काही उपयोग होत नाही.

पहिलीपासून आठवीपर्यंत २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी काम आणि स्वाध्याय-वर्गकार्य ही आकारिक मूल्यमापनाची वेगवेगळी साधनं आहेत, समासातला प्रश्न दोन्हीला जोडतो पण नोंद करताना शिक्षकाला एकच रकाना निवडावा लागतो. दहावीला वाशीच्या विभागीय मंडळाकडे जाणाऱ्या लेखी पेपरात याला जागा नाही, अंतर्गत गुणांतच काय ते.

मर्यादा मोठी आहे ती अशी की हा पुरावा नाही. गणित स्वतः सोडवलेलं मूलही गप्प बसू शकतं, विशेषतः सेमी-इंग्रजीच्या वर्गात, जिथे वही इंग्रजीत आणि विचार मराठीत चालतो, तिथे उत्तर मराठीत देऊ दिलं की कितीतरी मुलं मोकळी बोलतात. उलट उतरवलेलं गणित रात्री नीट समजून घेऊन कुणी छान सांगेल, आणि मग त्याला कॉपी म्हणायचं कशाला, ते तो शिकलाच की. 'ही पायरी दादाने सांगितली, पण वजाबाकीचा क्रम मी ठरवला' असं उत्तरही पूर्ण धरावं आणि त्यावर गुण कापू नयेत, कारण एकदा कापले की पुढच्या वेळी दादाचं नाव वहीत येत नाही.