अर्धा करडा फोटो आणि 'आधीच गेलाय' म्हणणारा प्रोग्राम

सांगलीत विश्रामबागेत मित्राचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईत एकेका लग्नाचे हजार-दीड हजार फोटो निघतात, ते बारीक करून क्लाउडवर, म्हणजे S3 वर टाकायचं काम मी लिहिलेला छोटा प्रोग्राम करतो. एकदा मधेच लाईट गेली. आल्यावर प्रोग्राम परत चालू केला, राहिलेले फोटो गेले, सगळं ओके दिसलं. दोन दिवसांनी नवरीच्या भावाचा फोन, एका फोटोत वरमाला दिसतेय पण खाली सगळं करडं.

पहिला संशय अर्थात नेटवर. पण S3 वर फाईल अर्धी दिसतच नाही, पूर्ण पोचली तरच ती तिथे उभी राहते, नाहीतर काहीच नाही. आणि पूर्ण पोचली पण 'मिळाली' हा निरोप येताना नेट गेलं, तर? प्रोग्रामला वाटतं गेली नाही, तो परत पाठवतो, त्याच नावावर तीच फाईल बसते, काही बिघडत नाही. म्हणून तर रिट्राय बिनधास्त करता येतो. फक्त लगोलग नको, 1, 2, 4, 8 सेकंद असं थांबत जायचं आणि त्यात थोडं रँडम मिसळायचं, नाहीतर अडकलेले सगळे एकदमच परत दार वाजवतात. टाइमआउट किंवा 503, म्हणजे 'सर्व्हर सध्या बिझी', आला तर असं करायचं, 403 म्हणजे परवानगीच नाही, तिथे कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच.

मग आधी गेलेले कसे ओळखायचे? नुसतं नाव बघून भागत नाही, कारण वॉटरमार्क बदलून फोटो नव्याने काढला तरी नाव तेच राहतं आणि जुनाच वर राहतो. म्हणून मी MD5 बघतो, फाईलच्या मजकुरातून निघणारा ठसा. S3 प्रत्येक फाईलला `ETag` नावाची खूण लावतं, साध्या अपलोडला ती बहुतेक वेळा हाच ठसा असते. मोठी फाईल तुकड्यांत गेली (S3 साठीची Python लायब्ररी `boto3` 8 MB पासून तसं करते) तर `ETag` च्या शेवटी `-3` असलं काहीतरी लागतं आणि तो MD5 शी जुळत नाही. आमचे फोटो 2 MB चे, त्यामुळे ती अडचण नव्हती.

मग करडा फोटो आला कुठून? बारीक करताना डिस्कवर लिहिणं चालू असतानाच लाईट गेली होती, अर्धी JPEG आमच्याकडेच पडली होती. दुसऱ्या वेळी बारीक करणारा म्हणाला 'फाईल आहे की', अपलोडवाल्याने तीच इमानदारीत वर टाकली, आणि नंतर कितीही वेळा चालवला तरी दोन्हीकडचा ठसा एकच, म्हणून स्किप! चुकीची फाईल अगदी बरोबर पोचलेली.

उपाय अपलोडच्या आधीच्या पायरीत निघाला. आता फोटो आधी `.tmp` नावाने लिहितो, `os.fsync` करून डिस्कवर पक्का उतरवतो, आणि मगच खरं नाव देतो:

```python
os.replace("DSC_0412.tmp", "DSC_0412.jpg")
```

लाईट गेलीच तर मागे `.tmp` उरते, तिच्याकडे अपलोडवाला बघतच नाही. जुने अर्धे फोटो शोधायला प्रत्येक फाईलचे शेवटचे दोन बाइट तपासले, नीट संपलेली JPEG सहसा `FF D9` ने संपते. तसलं शेपूट नसलेला आणखी एक सापडला, जेवणाच्या पंगतीतला, त्याबद्दल मात्र अजून कुणाचा फोन आला नव्हता.