बंदुकीचा काळा रंग आणि त्यातलं तेल

वर्कशॉपमधला नवा कोरा काळा ॲलन बोल्ट पावसाळ्यात दोन दिवस उघड्यावर ठेवला, तर तो तांबूस होतो. त्याला काळा रंग देणारी प्रक्रिया म्हणजे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ज्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात ती, आणि बंदुकीच्या नळीवरचं निळसर-काळं ब्लूइंग मुळात तीच आहे. म्हणजे जो बोल्ट गंजला त्याच्याच रंगावर आपण हजारो रुपयांची नळी सोपवलेली असते. मग बंदूक का टिकते? उत्तर रंगात कमी आणि त्या रंगाने धरून ठेवलेल्या तेलात जास्त आहे.

ब्लूइंग हा एक प्रकारचा गंजच असतो. लाल गंजात लोखंडाच्या ऑक्साइडबरोबर पाणी बांधलेलं असतं आणि ज्या लोखंडातून तो तयार झाला, त्याच्या जवळजवळ तिप्पट जागा तो व्यापतो. पृष्ठभागावर एवढी जागा नसते, म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट (Fe₃O₄), पोलादाला घट्ट चिकटून बसतो. मात्र ब्लूइंगमधला त्याचा थर साधारण एका मायक्रॉनचा असतो. आपला केस त्याच्या साठ-सत्तर पट जाड. एवढ्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं राहतातच. त्यांत तेल मुरलं तर पाणी आत शिरत नाही. तेल पुसलं गेलं की तीच छिद्रं ओल्या हवेला पोलादापर्यंतची वाट देतात.

हा थर कसा घडतो ते नीट पाहायचं, तर जुनी दुनळी घ्यावी. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या कितीतरी बंदुका या घडणीच्या आहेत. दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथील-शिशाच्या डागाने जोडलेली असते, आणि इथेच फिनिशची निवड ठरते. आजचं कारखानी ब्लूइंग कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात होतं. १४० अंश सेल्सिअसला हा डाग वितळत नाही, पण कॉस्टिक कथील आणि शिसं दोन्ही खातो. नळ्या बाहेर काढल्यावर छान काळ्या दिसतात आणि काही दिवसांनी पट्टी सुटू लागते. शिवाय डागाच्या फटीत शिरलेलं कॉस्टिक धुऊन निघत नाही, ते आतून काम करत राहतं. म्हणून दुनळीला रस्ट ब्लूइंगच करतात: आधी मुद्दाम गंज चढवायचा, मग त्याचा काळा ऑक्साइड करायचा.

नळी ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासतात. आरशासारखी चमक इथे नको, कारण फार गुळगुळीत पोलादावर गंज नीट पकडत नाही. मग तेलाचा अंश काढायचा. तो गेला की नाही हे पाण्याने कळतं: पाण्याची पातळ चादर न फाटता नळीभर राहिली पाहिजे. कुठे थेंब जमले तर तिथे अजून चिकटपणा आहे. यानंतर उघड्या बोटांनी नळीला शिवायचं नाही. दोन्ही तोंडांत लाकडी खुंट्या ठोकतात. आतली बाजू वाचते आणि धरायला मूठही मिळते.

गंज चढवायचं आम्लयुक्त द्रावण जेमतेम ओलसर बोळ्याने, लांब सरळ हाताने, एकदाच फिरवायचं. तोच पट्टा दोनदा पुसला की तिथे डाग उमटतो, आणि अंगावर ओघळलेला थेंब तर शेवटपर्यंत दिसत राहतो. मग नळी उबदार, दमट कपाटात काही तास टांगायची. तिच्यावर बारीक, मखमली, नारिंगी गंज यायला हवा. कपाटात दमटपणा इतका वाढला की नळीवर दव जमलं, तर प्रत्येक थेंबाखाली गंज खोल जातो आणि तिथे बारीक खड्डा पडतो. तो नुसता पुसून जात नाही, सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पुढची पायरी पाहण्यासारखी आहे. नारिंगी नळी उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवली की डोळ्यांदेखत काळी होते. उकळल्याने पाण्यातला प्राणवायू जवळजवळ निघून गेलेला असतो, आणि अशा पाण्यात लाल गंजाचं मॅग्नेटाइट होतं. नळाचं किंवा विहिरीचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. बाहेर काढल्यावर वरची सुटी काजळी अगदी बारीक तारेच्या ब्रशने किंवा तेलमुक्त स्टील वूलने झाडायची. बाजारातल्या स्टील वूलला बहुधा तेल लावलेलं असतं. ते आधी धुतलं नाही तर पुढच्या फेरीत नळीवर धब्बे उमटतात आणि कारण शोधत बसावं लागतं. पहिल्या फेरीनंतर नळी फिकट राखाडीच दिसते. असं सहा ते आठ वेळा करावं लागतं, तेव्हा तो खोल, मऊ काळा रंग उतरतो. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून उरलेलं आम्ल मारायचं आणि गरम नळीला भरपूर तेल लावून एक दिवस तशीच ठेवायची. या थराला हलकासा खरखरीतपणा असतो, म्हणून तो तेल चांगलं धरतो. माझ्या मते दमट हवेसाठी ब्लूइंगचा हाच प्रकार सर्वांत विश्वासाचा आहे, कितीही वेळखाऊ असला तरी.

कथील-शिशाचा डाग नसलेल्या एकनळी रायफलीला गरम ब्लूइंग चालतं. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटचं दाट द्रावण १३५ ते १४५ अंशांवर उकळत ठेवतात आणि भाग त्यात अर्ध्या तासाच्या आसपास बुडवतात. इथे तापमान आचेपेक्षा पाण्यावर ठरतं. पाणी आटलं की द्रावणाचा उत्कलनबिंदू चढतो, आणि तापमान फार वाढलं की काळ्याऐवजी तांबूस छटा येते. मग थोडंथोडं पाणी घालून ते उतरवायचं. एकदम ओतलेलं पाणी क्षणात वाफ होतं आणि उकळतं कॉस्टिक अंगावर उसळतं. त्यात चुकून ॲल्युमिनियमचा भाग गेला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. हे काम स्वयंपाकघरात करण्याचं नाही. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच ते व्हावं. चूक झाली आहे का ते आठवड्याभराने कळतं: आट्यांतून आणि सांध्यांतून पांढरी पूड बाहेर येते. ती धुतल्याशिवाय राहिलेल्या क्षारांची असते, आणि उपाय म्हणजे पुन्हा उकळत्या पाण्यात धुणं. रंगाआधीचं पॉलिशही जपून हवं. बफवर जास्त दाबलं की कडा गोल होतात, आणि नळीवरचा क्रमांक पुसट झाला तर प्रश्न रंगापुरता राहत नाही, कायद्याचा होतो.

झिजेचं म्हणाल, तर दोन्ही ब्लूइंग एक मायक्रॉनचीच. म्यानात घासणारी नळीची कड आणि हाताची पकड जिथे पडते ती जागा आधी पांढरी पडते.

लष्कराला यापेक्षा दणकट काहीतरी हवं होतं. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस कॉसलेट यांनी पोलादावर फॉस्फेटचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. पुढे डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीने ती पद्धत सुधारली आणि तिच्या नावावरून पार्करायझिंग हा शब्द रुळला. दुसऱ्या महायुद्धातल्या एम-१ गॅरंड रायफलींचा करडा, मॅट रंग तो हाच. मॅंगनीज फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण ९० अंशांच्या वर, पण उकळू न देता ठेवतात. आम्ल पोलादाला चावतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, पोलादालगतचं आम्ल खर्च होतं आणि नेमक्या त्या जागी न विरघळणाऱ्या फॉस्फेटचे स्फटिक बसतात. बुडबुडे थांबले की काम झालं, असं कारागीर ओळखतात. स्फटिक बारीक आणि दाट यावेत म्हणून भाग आधी वाळूच्या झोताने खरखरीत करतात. गुळगुळीत भागावर ते मोठे आणि विरळ येतात. कडक स्प्रिंग मात्र जपायची: सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरला तर ती ठिसूळ होते, म्हणून तिला नंतर सुमारे १०० अंशांवर काही तास तापवतात.

हा थर ५ ते १५ मायक्रॉनचा, म्हणजे ब्लूइंगच्या कितीतरी पट जाड, आणि स्पंजासारखा असतो. खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीत कोरडा फॉस्फेट थर जेमतेम दीड-दोन तास धरतो. तेल मुरलेला तोच थर चोवीस तासांच्या कसोटीला उतरतो. तेलाची किंमत इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. स्टेनलेस पोलादावर हे चढत नाही, कारण आम्लाला चावताच येत नाही.

तेलावरचं हे अवलंबन महाग पडल्याचं उदाहरण व्हिएतनामचं आहे. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफली सुरुवातीला चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, क्रोम न चढवता पाठवल्या गेल्या. तिथल्या दमट हवेत चेंबरला गंजाचे खड्डे पडले आणि झाडलेली काडतुसं आत अडकू लागली. काडतुसातली बदललेली दारूही अडचणीला कारण होतीच. १९६७ पासून चेंबरमध्ये कठीण क्रोम येऊ लागलं, पुढे सगळ्या नळीत.

आजची फिनिशं दोन वेगळ्या वाटांनी जातात. नायट्रायडिंगमध्ये वरून काही चढवत नाहीत. ५७० अंशांच्या आसपासच्या वितळलेल्या क्षारांत नायट्रोजन आणि कार्बन पोलादातच शिरतात. वरचे १०-२० मायक्रॉन अतिशय कठीण होतात आणि त्याखालीही कठीणपणा हळूहळू उतरत जातो. पापुद्रा सुटण्याचा प्रश्नच नसतो, कारण तो पोलादाचाच भाग आहे. ग्लॉक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, यासाठी ओळखली जाते. तिच्यावरचा काळा रंग झिजला तरी खालचा कठीण थर शाबूत असतो. पण दुनळीसाठी हेही बाद, कारण एवढ्या उष्णतेत डाग वितळून जाईल.

दुसरी वाट म्हणजे सेराकोटसारखा सिरॅमिक-पॉलिमर थर. तो फवारतात आणि सुमारे १२० अंशांवर दोन तास भाजतात. ओलावा अडवण्यात तो उत्तम, तेलही मागत नाही. त्याची अडचण जाडीची: साधारण २५ मायक्रॉन, आणि दोन घासणाऱ्या भागांवर मिळून ५०. घट्ट बसणारे भाग मग अडकतात. खाली चिकटपणा राहिला असेल तर थर फुगतो आणि त्याच्या आड गंज न दिसता पसरतो. काही कारागीर आधी पार्करायझिंग करून त्यावर तो फवारतात. स्फटिकांत तो पक्का रुततो आणि ओरखडा पडला तरी गंज कडेने आत सरकत नाही. तेव्हा मात्र फॉस्फेट कोरडंच ठेवायचं, एरवी जीव लावून मुरवलेलं तेल इथे थर धरू देत नाही.

कोकणातल्या दुनळीचा पावसाळ्यातला मोठा शत्रू तिचं चामड्याचं म्यान असतं. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्लं त्यात असतात. घामाच्या बोटांचा ठसाही एका रात्रीत ब्लूइंगवर उमटतो. तेलाचा पातळ हात देऊन बंदूक उघडी, हवेशीर जागी ठेवलेली बरी. महिन्यातून एकदा पांढऱ्या कापडाला तेल लावून पट्टीच्या कडेने आणि नळी लाकडाला टेकते त्या रेषेने फिरवावं. कापडावर काळसर आलं तर ती काजळी आहे. तपकिरी आलं तर तिथे लाल गंज सुरू झालेला आहे, आणि लाकूड त्याच दिवशी उतरवून पाहायला हवं.