व्हीआर हेडसेट पीसीला जोडल्यावर चित्र थरथरतं तेव्हा: फोन करण्याआधी एवढं तपासा

आमच्याकडून पीसी बांधून घेतलेल्या किंवा घरी हेडसेट बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. हेडसेट तुम्ही कुठूनही आणलेला असो, 'ट्रॅकिंग गेलंय, माणूस पाठवा' असा फोन आम्हाला सारखा येतो. माणूस बोरिवली नाहीतर मुलुंड गाठतो आणि बघतो तर ट्रॅकिंग अगदी ठीक असतं. बिघडलेलं असतं ते रेझोल्यूशनचं गणित. तोवर तुमचा रविवार गेलेला असतो, वर व्हिजिटचे पैसेही भरावे लागतात. म्हणून ही दोन दुखणी वेगळी कशी ओळखायची, ते आधी सांगतो.

हेडसेट घालून खोलीच्या मधोमध स्वस्थ उभे राहा. हात स्थिर, मान स्थिर. अशा वेळी हातातला कंट्रोलर स्वतःहून तरंगत दूर गेला, जमीन कलली किंवा सगळी खोली हळूच सरकली, तर ते ट्रॅकिंग. पण उभं असताना सगळं जागच्या जागी आहे, आणि बाजूने काही पळालं किंवा तुम्ही स्वतः चालू लागलात की वस्तूंच्या दोन-दोन प्रती दिसतात, कडा पाण्यासारख्या लहरतात, तर ट्रॅकिंगला हात लावू नका. तो रीप्रोजेक्शनचा, म्हणजे नवं चित्र वेळेत तयार न झाल्याने जुनंच फिरवून दाखवल्याचा थरथराट आहे. त्यासाठी रूम सेटअप पुन्हा पुन्हा केलात तरी काही फरक पडणार नाही.

ट्रॅकिंगचं आधी उरकून घेऊ, कारण मुंबईच्या घरांत त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं कारण म्हणजे आरसा. बेस स्टेशनवाल्या हेडसेटला भिंतीवरून इन्फ्रारेड किरण मिळतात आणि ते आरशावरून, शोकेसच्या काचेवरून, कपाटाच्या चकचकीत दारावरून उलटून येतात. हेडसेटला तेही खरे वाटतात. आरशावर जाड चादर टाकून पाहा. चित्राचं उडी मारणं थांबलं तर कारण सापडलं, आणि खेळताना चादर टाकायची सवय ठेवली की काम झालं. बेस स्टेशन साधारण सात फुटांच्या वर, खाली कललेलं आणि भिंतीत पक्कं ठोकलेलं हवं. पुस्तकांच्या फळीवर नुसतं टेकवलेलं बेस स्टेशन दार आपटलं तरी हलतं, आणि त्याबरोबर तुमचं अख्खं जग हलतं.

कॅमेरेवाल्या हेडसेटचं गणित वेगळं. त्याला खोली दिसावी लागते. एका ट्यूबच्या अर्धवट उजेडात, चारी बाजूंना कोऱ्या पांढऱ्या भिंती असतील तर कॅमेऱ्याला धरून ठेवायला खूणच सापडत नाही. भिंतीवर दोन-तीन चित्रं किंवा कॅलेंडर टांगलं तरी फरक पडतो. परदेशातून आणवलेल्या हेडसेटमध्ये ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सीचा पर्याय असेल तर तो ६० वर अडकलेला नाही ना पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिव्यांची लुकलुक त्याच हिशोबाने होते. आणखी दोन गोष्टी ट्रॅकिंगच्या नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंख्याखाली हात वर करून खेळू नका. आणि हेडसेट खिडकीत भिंग वर करून कधीही ठेवू नका, कारण उन्हाने आतला पडदा काही मिनिटांत जळतो आणि त्यावर कुठलाही इलाज नाही.

आता मूळ मुद्दा. SteamVR च्या व्हिडिओ सेटिंगमध्ये Render Resolution असतं. तिथे १०० टक्के दिसलं की बहुतेकांना वाटतं, हे म्हणजे पडद्याएवढंच, थोडं वाढवलं तर चित्र आणखी स्पष्ट होईल. तसं नाही. व्हॅल्व्ह इंडेक्सचा पडदा एका डोळ्यासाठी १४४० बाय १६०० आहे, पण १०० टक्क्याला पीसी २०१६ बाय २२४० चं चित्र काढतो. दोन्ही बाजूंनी १.४ पट. कारण भिंगामुळे चित्र कडेला ओढलं जातं. ते सरळ दिसावं म्हणून पीसी आधीच ते उलट्या बाजूने वाकवतो. त्या वाकवण्यात मधला भाग ताणला जातो. तो ताणूनही नीट दिसावा एवढं जास्तीचं चित्र १०० टक्क्यांत आधीच धरलेलं असतं. म्हणजे आम्ही १०० वर सोडून जातो तेव्हा तुम्हाला कमी दिलेलं नसतं.

इथेच ती चूक होते. हा आकडा एकाच जागी नसतो. एक SteamVR च्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये, दुसरा Per-Application Video Settings मध्ये त्या खेळापुरता, आणि तिसरा खुद्द खेळाच्या आत, सुपरसॅम्पलिंग अशा नावाने. क्वेस्ट असेल तर मेटाच्या अ‍ॅपमध्ये चौथा. हे आकडे एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांना गुणतात. ग्राहक एक जागी वाढवतो, पुरेसं वाटत नाही म्हणून आठवड्याने दुसऱ्या जागी वाढवतो, आणि पहिलं वाढवलेलं विसरून जातो.

अलीकडचंच एक प्रकरण पाहा. ग्राहकाकडे इंडेक्स, कार रेसिंगचा शौक. तक्रार अशी की ट्रॅकच्या कडेचे खांब दुहेरी दिसतात आणि स्टिअरिंगच्या कडेभोवतीचा रस्ता वितळल्यासारखा लहरतो. त्यांनी बेस स्टेशनची जागा बदलून पाहिली होती, रूम सेटअपही पुन्हा केला होता. आमच्या मुलाने जाऊन आकडे पाहिले तर सर्वसाधारण सेटिंगमध्ये १५० टक्के, आणि खेळापुरतेही १५० टक्के. दोन्ही मिळून ३०० नाही, २२५. हे टक्के एकूण ठिपक्यांचे असतात, म्हणून प्रत्येक बाजू दीडपट होऊन एका डोळ्याचं चित्र ३०२४ बाय ३३६० झालं. १०० टक्क्याला एका डोळ्यामागे साधारण ४५ लाख ठिपके काढावे लागतात, इथे एक कोटीच्या वर. दोन डोळे, आणि तेही सेकंदाला ९० वेळा.

९० हर्ट्झवर ग्राफिक्स कार्डला एका चित्रासाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. SteamVR मधला Display Performance Graph उघडला तर तिथे जीपीयूचा वेळ १९ च्या पुढे दिसत होता. वेळ संपली आणि नवं चित्र तयार नाही, तर हेडसेट डोळ्यांपुढे काळोख करू शकत नाही. म्हणून सॉफ्टवेअर मागचं चित्र घेतं, मान जेवढी वळली तेवढं फिरवतं आणि तेच पुन्हा दाखवतं. हे रीप्रोजेक्शन. सतत उशीर होऊ लागला की Motion Smoothing चालू होतं: खेळाला सेकंदाला ४५ चित्रांवर आणतं आणि मधलं प्रत्येक चित्र अंदाजाने स्वतः बनवतं. दूरचा डोंगर त्या अंदाजात बरोबर बसतो. पण जवळून झपकन जाणारा खांब, किंवा स्टिअरिंगच्या मागून दिसू लागलेला रस्ता, याचा अंदाज कसा बांधणार? मागच्या चित्रात तो नव्हताच. म्हणून दुहेरी खांब, म्हणून लहरी.

दोन्ही आकडे १०० वर आणले. जीपीयूचा वेळ १० च्या आसपास आला. ते हद्दीच्या आत असलं तरी काठावर होतं, पाऊस सुरू झाला किंवा सगळ्या गाड्या एकत्र आल्या की पुन्हा ११ ओलांडला असता. म्हणून सावल्यांची पातळी एक पायरी खाली आणली आणि आकडा ९ वर स्थिरावला. थरथराट गेला. बेस स्टेशन त्यांनी नेलं होतं त्याच जागी राहू दिलं, त्याचा काही संबंधच नव्हता.

घरी स्वतः खात्री करायची असेल तर Render Resolution तात्पुरतं ५० टक्क्यांवर आणा आणि तोच खेळ, तीच जागा पुन्हा पाहा. चित्र धूसर होईल, ते सोडा. थरथराट गेला तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. तिथून १० टक्क्यांनी वर चढत जा आणि ९० हर्ट्झला जीपीयूचा वेळ साडेनऊच्या आत राहील तिथे थांबा. ५० वरही तसाच थरथराट असेल तर रेझोल्यूशन निर्दोष आहे, ग्राफमध्ये सीपीयूची बाजू पाहा. रेसिंगमध्ये बहुतेकदा स्पर्धक गाड्यांची संख्या कमी केली की ते सुटतं. एक सोपी सवलत अशीही आहे की हेडसेट ८० हर्ट्झवर चालत असेल तर तिथे आणा. चित्रामागे १२.५ मिलिसेकंद मिळतात, आणि पुष्कळांना डोळ्यांना फरक जाणवतही नाही.

Motion Smoothing कायमचं बंद करा असं आम्ही सांगत नाही. विमानांचे सिम्युलेटर इतके जड असतात की चांगल्या कार्डालाही ९० जमत नाही, तिथे स्थिर ४५ बरं. डोकं दुखतं ते ४५ आणि ९० मध्ये सारखं ये-जा झाल्याने.

'पण १०० ला चित्र अस्पष्ट दिसतं हो' असं कुणी म्हटलं की आम्ही आधी हेडसेट डोक्यावर कसा बसलाय ते पाहतो. तो बोटभर वर किंवा खाली करा, मधली अक्षरं एका जागी एकदम टोकदार होतात. मग डोळ्यांमधल्या अंतराचा खटका हलवा. हे दोन्ही केल्यावर बऱ्याच जणांना टक्के वाढवावेसेच वाटत नाहीत. आम्ही बसवून देताना हे समोर करून घेतो आणि त्यात अर्धा तास जातो. एवढा वेळ का लावता, असं कधी विचारलं जातं, त्याचं उत्तर हे आहे.

नवीन ग्राफिक्स कार्ड आम्ही विकतो, पण तुम्हाला त्याची गरज केव्हा आहे तेही सांगतो. सगळ्या जागी १०० किंवा खाली, सावल्या कमी, ८० हर्ट्झ, आणि तरीही जीपीयूचा वेळ हद्दीबाहेर असेल, तर कार्ड बदलण्याचं बोलू. जुनं कार्ड आम्ही तपासून त्याच्या किमतीत धरतो. त्याआधी नाही.

बसवून दिलेल्या प्रत्येक पीसीसोबत सर्व जागांचे आकडे लिहिलेली चिठ्ठी देतो. ती कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेली राहू द्या, आणि काही बदललंत तर तारखेसह तिच्यावर लिहा. फोन करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी पाठवा: खेळाचं नाव, थरथराट चालू असतानाच्या ग्राफचा फोटो आणि त्या चिठ्ठीचा फोटो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं आणि व्हिजिटचे पैसे वाचतात. दुकान रविवारी बंद असतं, शनिवारी रात्री आलेले फोटो सोमवारी सकाळी पाहतो.